नेपियर टाउनचा एक, गोरखपूरचा एक

आमच्या शाळेच्या एकाच शहरात दोन शाखा आहेत, मोठी नेपियर टाउनला आणि छोटी गोरखपूर मोहल्ल्यात. दोन्हीकडच्या हजेरीचा कारभार माझ्याकडे. मी तापट आहे असं घरचे तोंडावर सांगतात आणि शाळेतले पाठीमागे, एवढाच काय तो फरक.

बोटाची मशीन बसवली तेव्हा नारळ फोडला होता आणि पहिलं बोट मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या प्राचार्यांनी लावलं होतं. म्हणून नेपियर टाउनच्या मशीनमध्ये त्यांचा नंबर एक. ती मशीन केबलने माझ्या कॉम्प्युटरला जोडलेली आहे; सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की सगळ्या नोंदी आत येतात आणि तिथून एक्सेलमध्ये काढता येतात. गोरखपूरच्या मशीनला केबल नाही. तिथल्या ऑफिसातल्या दीदी दर महिन्याला पेन ड्राइव्हवर नोंदी उतरवून पाठवतात, आणि मी त्या नेपियर टाउनच्या नोंदींखाली चिकटवते. मग नंबर आणि तारीख पाहून माणसाची त्या दिवसाची पहिली वेळ आणि शेवटची वेळ निघते. नंबर एकमेकांत अडकू नयेत म्हणून गोरखपूरच्या लोकांना मी एकशेएकपासून पुढचे नंबर दिले होते. या हुशारीचा मला अभिमान होता.

चित्रकलेच्या मॅडम दोन्हीकडे शिकवायच्या. सकाळचे पहिले तास गोरखपूरला, साडेदहाच्या आत स्कूटीवरून नेपियर टाउनला. बुधवारी आणि शनिवारी पूर्ण दिवस गोरखपूर. नोकरी कराराची, दरवर्षी नवा कागद. यंदा मोठ्या सरांनी ठरवलं की ज्याची हजेरी नीट नाही त्याचा कागद पुढे जाणार नाही.

मी वर्षाचा तक्ता काढला. मॅडम रोज दहा-पंचवीसला येणाऱ्या, आणि बुधवारी, शनिवारी चक्क गैरहजर.

त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "दीदी, मी तर पहिल्या बेलच्या आधी गोरखपूरला असते. रोज बोट लावते. असं काहून येऊन राहिलं?"

मी मान वरसुद्धा केली नाही. "मशीन खोटं बोलत नाही, मॅडम. माणसं बोलतात."

त्या निघून गेल्या. त्यांच्या ओढणीच्या टोकाला निळा रंग लागलेला होता, तो मला अजून दिसतो. ते वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी तक्ता सरांकडे न्यायचा होता. न्यायच्या आधी सहज त्यांची ओळ पाहिली. नंबर एक, वर्षभर सात-वीस, सात-बावीस. मी चमकले. साडेसातच्या बेलला सर आलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांची गाडी साडेआठच्या पुढेच फाटकात शिरते. तरी मनात म्हटलं, मागच्या दाराने येत असतील. मोठी माणसं, आपण काय बोलायचं!

पण मग जानेवारीतले तीन दिवस दिसले. तिन्ही दिवस सर सात-वीसला हजर. त्याच तीन दिवसांत सर नागपूरला एका लग्नात होते, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मीही त्याच लग्नात होते आणि पंगतीत त्यांच्या समोर बसून दोन वेळा मठ्ठा घेतला होता. त्यांचा रजेचा अर्जही माझ्याच फायलीत होता.

म्हणजे एक नंबरने कुणीतरी दुसरंच बोट लावत होतं.

मग मला आठवलं. गेल्या वर्षी मॅडम गोरखपूरला जायला लागल्या तेव्हा त्यांचं बोट तिथल्या दीदींनी घेतलं होतं. त्यांनी मला फोनवर विचारलं होतं, "नया नंबर पूछ रही है मशीन, क्या डालूँ?" मी घाईत होते. म्हटलं, "जो आ रहा है उसी पे ओके कर दो." तिथे एकशेएकच्या खालचे सगळे नंबर मोकळे, म्हणजे मशीनने पहिला मोकळा नंबर पुढे केला असणार. एक. नेपियर टाउनच्या मशीनमध्ये मॅडमचा नंबर चौतीस होता.

उतरवलेल्या नोंदींत कुठल्या मशीनची नोंद आहे त्याचा एक कॉलम येतो. पण तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून तो मी दर महिन्याला काढून टाकत होते, आणि पेन ड्राइव्हवरची जुनी फाइलही पुसत होते. मॅडमच्या तिथल्या हजेरीचा पुरावा आता फक्त गोरखपूरच्या मशीनमध्येच होता. आणि त्याच दिवशी तिथे जुनी मशीन बदलून चेहरा ओळखणारी नवी बसवायला माणूस येणार होता.

मी गोरखपूरच्या दीदींना फोन लावला. "दीदी, मशीन उतारने मत देना, मी येऊन राहिले!"

मी पोहोचले तेव्हा तो माणूस स्क्रू काढत होता. "मैडम, पुरानी वापस ले जानी है, रीसेट करके," तो म्हणाला. मी म्हटलं, "भैया, पाँच मिनट. नहीं तो मुझे भी साथ ले जाना." तो हसला आणि बाजूला झाला. मी पेन ड्राइव्ह लावला, मेनूतून हजेरीच्या नोंदी उतरवल्या. कुणी मशीनमधल्या नोंदी पुसल्या नव्हत्या, वर्षभराच्या सगळ्या तिथेच होत्या. फाइल उघडली: नंबर एक, तारीख, सात-वीस, मशीन दोन, म्हणजे गोरखपूर. खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच.

मॅडम वर्गात होत्या. मी त्यांना बाहेर बोलावलं आणि म्हटलं, "बोट लावा." त्यांनी घाबरतच लावलं. मशीन म्हणाली, थँक यू, आणि पडद्यावर आकडा आला: एक.

"चूक माझी आहे, मॅडम. मशीनची नाही, तुमची तर नाहीच," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखा चढला नाही. त्या नुसत्या मशीनकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "दीदी, मलाच वाटायला लागलं होतं की मी उशिरा येऊन राहिली."

दुपारी दोघी सरांसमोर उभ्या राहिलो. नवा तक्ता टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "सर, या सगळ्या सात-वीस मॅडमच्या आहेत. तुमच्या नंबरात माझ्या चुकीने मिसळल्या."

सरांनी चष्मा लावला. "अच्छा. मग माझी वेळ काय?"

"आठ-चाळीस, सर. कधी कधी आठ-पन्नास."

 सर कागदावर बोट फिरवत जानेवारीपर्यंत गेले. मला वाटलं, आता मॅडमबरोबर माझाही कागद जातो. मग ते म्हणाले, "म्हणजे जुन्या तक्त्यात जानेवारीतल्या लग्नाच्या दिवसांतही मी हजर होतो म्हणता?"

"हो सर. आणि मठ्ठाही घेत होता."

ते हसले नाहीत, पण मॅडमचा करार ओढून घेतला आणि सही केली. कागद परत देताना त्यांनी मॅडमकडे पाहून मान थोडी खाली केली.

तो कॉलम मी आता कधीच काढत नाही. पुढच्या महिन्याच्या नोंदी आल्या तेव्हा पहिल्या दिवसाच्या पहिल्या ओळीत दिसलं: नंबर एक, सात-सव्वीस. माझा विश्वास बसेना. मी बोट ठेवून शेवटपर्यंत ओळ वाचली. मशीनही एक नंबरचीच होती, नेपियर टाउनची; म्हणजे बोट सरांचंच.