शिंगाड्याची खोड

मालनताईच्या तोंडून "मला येत नाही" हे वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. ती माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. पालीच्या अलीकडे आमचं गाव, आणि तिला दिलीही शेजारच्याच वाडीत. नवरा गंगाराम मुंबईला कंपनीत असतो, शिमग्याला आणि गणपतीला येतो. उरलेलं वर्ष शेतात टिलर चालवणं, कौलं शाकारणं आणि ग्रामसभेत भांडणं ही सगळी कामं हिची. आंब्याच्या दिवसांत ती बागेत फळं निवडायला जाते. हातात घेतलेलं फळ किती दिवसांत पिकेल ते सांगून टाकते आणि पुढचं उचलते. बागवाले तिच्याशी वाद घालत नाहीत.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळे वाद घालतो आणि हरतो.

गेल्या मे महिन्यात घरात लाद्या बसवायच्या म्हणून माळा रिकामा केला, तर बाबांनी मुंबईहून आणलेला व्हिडिओ गेम सापडला. सोबत दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवरचा कागद तेव्हाच फाटला होता, म्हणून खेळाचं नाव आम्हाला कधी कळलंच नाही. एक तलवारवाला, पाच दरवाजे, आणि पाचव्या दरवाजाआड एक शिंगवाला राक्षस. त्याला आम्ही शिंगाड्या म्हणायचो. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या मेच्या सुट्टीत मी रोज त्याच्या हातून मेलो. मालनताई शेजारी बसून बघायची. रिमोट मागितला की मी सांगायचो, मुलींच्या हाताला घाम येतो, बटणं बिघडतात. अकरा वर्षांचा होतो, पण नालायक होतो हे खरं.

गेम नव्या टीव्हीला लावून बघितला. चालला, पण बटण दाबल्यावर माणूस अर्धा क्षण उशिरा उडतो. सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतः घोटत बसतो, मग दाखवतो, आणि शिंगाड्यापुढे तेवढा उशीर म्हणजे मरण. पडवीतला जुना डब्बा टीव्ही लावला तेव्हा हात आणि चित्र एक झालं. पण तो टीव्ही त्याच दिवशी पाच वाजता भंगारवाला नेणार होता. मी मालनताईला फोन केला. ती दुपारी दोनला आली, पदराला हात पुसले आणि न मागता रिमोट उचलला.

"आज मी मारणार त्याला. माझ्या हाताने," ती म्हणाली. "तू बग."

मला तिच्या या बोलण्याचा राग यायला हवा होता, पण तिचा चेहरा बघून बरं वाटलं.

तिची तयारी पक्की होती. पाचव्या दरवाजापर्यंत मी खेळून दिलं, पुढे खोलीत शिरण्याआधी तिने शिंगाड्याचं सगळं वागणं मला पाठ म्हणून दाखवलं. आधी तो हात वर करतो आणि तीन आगीचे गोळे टाकतो: वरून, खालून, वरून. म्हणजे बसायचं, उडायचं, बसायचं. मग गुडघे वाकवून झेप घेतो. झेप घेताना आपण जिथे असतो तिथेच तो उतरतो, म्हणून तो हवेत असताना खालून निघून जायचं. मग एक पाऊल मागे घेऊन तलवार फिरवतो, ती बसलं की डोक्यावरून जाते. प्रत्येक वाराच्या शेवटी तो जरा थांबतो, तेव्हा एकच घाव. घाव बसला की तो सेकंदभर लुकलुकतो, तेवढ्यात मारलेलं काहीच लागत नाही. सोळा घाव घातले की तो संपतो. मी त्या सुट्टीत बटण बडवत राहायचो आणि अर्धे घाव लुकलुकीत वाया घालवायचो, हे तिने मला आता सांगितलं.

ती आत शिरली, तडक चालत शिंगाड्याजवळ गेली आणि गोळ्याच्या तयारीत बसली. त्याने गोळे टाकलेच नाहीत. एक पाऊल मागे घेऊन तलवार फिरवली. ती बसलेली म्हणून वाचली, पण ठरल्याप्रमाणे दुसऱ्या गोळ्यासाठी उडाली, आणि तलवारीचा दुसरा वार तिच्या पोटात बसला. तीन जीव असेच गेले. खेळ पुन्हा दरवाजाशी आणून ठेवतो, तिथून आणखी तीन गेले. चार वाजले. पाचला टीव्ही जाणार होता.

मी रिमोट मागितला, एकदाच, बघायला. नेहमीप्रमाणे डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. शिंगाड्याने हात वर केला: गोळे, झेप, तलवार. तिच्या पाठांतरातलं अक्षर न अक्षर खरं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि थोडी लाजही वाटली. लहानपणी मी घाबरून त्याच कोपऱ्यात उभा राहायचो. लांब असलं की तो गोळे टाकतो आणि पुढे सरकतो. मध्यम अंतरावर असलं की झेप घेतो. जवळ असलं की तलवार. प्रत्येक वाराआधी तो अंतर बघतो, एवढंच. मालनताईने सुट्टीभर जी खोड पाठ केली ती शिंगाड्याची नव्हती, माझी होती. मी तिला तसं सांगितलं.

तिने पदराला पुन्हा हात पुसले.

"म्हणजे तो माझं बगून ठरवतो," ती म्हणाली. "मग मीच ठरवते."

रिमोट घेऊन ती पुन्हा आत शिरली आणि शिंगाड्याच्या अंगाला चिकटून उभी राहिली. आता त्याला तलवारीशिवाय दुसरं सुचेना. तो एक पाऊल मागे, ही खाली. तलवार वरून गेली की उठून एक घाव. तो लुकलुकला की हीही थांबायची, मग एक पाऊल पुढे टाकून अंतर पुन्हा तेवढंच. आठ घावांनंतर त्याचा वेग वाढला, थांबणं कमी झालं, पण अंतराचा नियम तोच राहिला. ती आंबे निवडावेत तशी निवांत खेळत होती. मी घाव मोजत होतो. बारा.

बाराव्या घावाला शिंगाड्या स्वतःच उडी मारून लांबच्या कोपऱ्यात गेला. त्याच्या पायाशी ज्वाळा पेटल्या आणि त्याने हात वर केला. तिने वरचा गोळा बसून चुकवला. खालचा गोळा पडद्यावर आलाच नाही. त्या यंत्राला पडद्याच्या एका आडव्या ओळीत चित्राचे आठांहून जास्त तुकडे काढता येत नाहीत. राक्षसाचे पाय, ज्वाळा आणि आपला माणूस एका ओळीत आले की बाकीचं गळतं. न दिसलेला गोळा लागतो मात्र नक्की. मी हे सांगायला तोंड उघडलं, तोवर ती उडाली होती. खाली काही दिसत नव्हतं तरी उडाली, कारण वरच्यानंतर खालचा असतो हे तिने माझ्या शेजारी बसून शेकडो वेळा बघितलं होतं. मग बसली. झेपेखालून निघाली, वळली आणि तेरावा घाव घातला. पुन्हा त्याला चिकटून उभी राहिली. चौदा. पंधरा.

सोळाव्याला शिंगाड्या ठिकऱ्या होऊन पडला. इंग्रजीच्या दोन ओळी आल्या, त्यातही एक स्पेलिंग चुकीचं, आणि बारीक संगीत वाजत राहिलं. मला रडू आलं. तिला नाही आलं. ती ओळी पुन्हा पुन्हा वाचत होती.

"त्या सुट्टीत तुला रिमोट द्यायला हवा होता," मी म्हटलं.

"दिला असतास तर मीपण तुझ्यासारखी आपल्या माणसाकडेच बगत बसले असते," ती म्हणाली. "शिंगाड्याकडे कोणी बगितलं असतं?"

अंगणात टेम्पो येऊन थांबला. टीव्ही न्यायला माणसं आत आली तेव्हा तिने उठून त्यांना वाट दिली, रिमोटची वायर गुंडाळली आणि तो आपल्या पिशवीत टाकला.