खोडलेली विहीर

इस्त्रीवाल्याच्या जिन्यात भूगोलाच्या बाईंचा पाय अडखळला. आत नवरा-बायकोची चांगलीच जुंपली होती.

"पोरीनं नकाशात विहीर काढली होती, बाईंनी खोडायला लावली! फरशी टाकली म्हणजे विहीर मेली का?"

"अगं, पाणी भरतेस का तू तिथून? मग? बाई तुझ्यापेक्षा जास्त शिकल्यात."

"शिकल्यात, पण इथे राहत नाहीत ना!"

बाईंनी घसा खाकरून दार वाजवलं. भांडण जागच्या जागी थिजलं. बायकोने हसून पोरीचा नकाशा हाती दिला, चहा घ्या म्हणाली. बाई थांबल्या नाहीत. उशीर झालाय म्हणाल्या. कसला उशीर!

दरवर्षी बाई मुलांना आपापल्या मोहल्ल्याचा नकाशा हाताने काढायला लावत. पावलांनी अंतर मोजायचं, कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवायची, सूची करायची. घरं गुलाबी, दुकानं पिवळी, पाणी निळं, बसचा रस्ता लाल, मोकळी जागा कोरी. नियम एकच: आज जे वापरात आहे तेवढंच. चुकलं की "खोडा." म्हणून मुलं त्यांना मागून खोडरबर म्हणायची. बाईंना ठाऊक होतं. चिडायच्या नाहीत, उलट गालात हसायच्या.

त्या वर्षी वॉर्ड ऑफिसला बस वळवायला जागा हवी होती. त्यांनी शाळेकडून सगळ्यात नेटका नकाशा मागितला. तो इस्त्रीवाल्याच्या मुलीचा; तोच न्यायला बाई जिना चढल्या होत्या. तिथला साहेब नकाशा घेऊन जागेवर आला खरा; पण कोऱ्या जागेवर त्याला फरशी दिसली, फरशीवर वाळत घातलेल्या चादरी. चादरी काढायला सांगून तो गेला. पुढे तिथे जाड काँक्रीट ओतलं, बस झोकात वळू लागली.

जिन्यातलं ते बोलणं दुसऱ्या दिवशी नकाशा ऑफिसला देतानाही बाईंना आठवत होतं. एक निळा गोल काढायला कितीसा वेळ लागतो? पण स्वतःचाच नियम मोडायचा कसा, म्हणून नकाशा तसाच दिला होता.

काही वर्षांनी नळ आटले. विहिरीला पाणी असणार, हे जुनी माणसं सांगत होती. ती उघडायची तर सगळं काँक्रीट फोडावं लागणार होतं. फोडतंय कोण? टँकर यायचा, आणि उभा कुठे राहायचा? तर त्याच वळणावर. इस्त्रीवाल्याची बायको हंडा घेऊन रांगेत असायची. बाई दिसल्या की म्हणायची, "या बाई, चहा घ्यायचा राहिलाय तुमचा." टोमणा मारला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

निवृत्त झाल्यावरही बाई शाळेला नमुन्याचा नकाशा काढून देत. त्यात वळणाच्या मधोमध तुटक रेघेचा निळा गोल, आणि सूचीत नवी ओळ: झाकलेलं पाणी.

शेवटचा नकाशा काढला त्या वर्षी गुडघे पार गेले होते, तरी त्या कागद आणायला स्वतःच निघाल्या. दुकानदाराने गुंडाळी बांधली, वर निळी पेन्सिल ठेवली.

"खोडरबर देऊ, बाई?"

"नको रे," बाई म्हणाल्या, आणि काठी टेकत वळणाकडून शाळेच्या वाटेला लागल्या.