राखाडीचा कोड

तुमचे आजोबा गेल्यानंतर चौथ्या महिन्यात तुमच्या आत्याने माझ्यासमोर लॅपटॉप आणून ठेवला. ती म्हणाली, "आई, तू शाळेच्या लायब्ररीत आयुष्यभर पुस्तकं लावलीस. आता माझे कुर्ते लाव."

मला काहीतरी काम द्यायचं, एवढाच तिचा हेतू होता, हे मला कळत होतं. मी हो म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत असे. चहा घेणार का, हो. डॉक्टरकडे जायचं का, हो.

आत्याचा कुर्त्यांचा व्यवसाय तुम्ही फोनवर पाहिलेला आहे. कापड कापणं, शिवणं, पॅकिंग, सगळं गोविंदपुऱ्यातल्या एका शेडमध्ये चालतं आणि विक्री वेबसाइटवर होते. सुरुवातीला चार डिझाइन्स होती, तेव्हा सगळं तिच्या डोक्यात मावत होतं. मी यादी उघडली तेव्हा त्यात "ब्लू नवा", "ब्लू नवा २", "ब्लू लाँग फायनल" अशा नावांच्या नोंदी होत्या. एकाच कुर्त्याचा प्रत्येक रंग वेगळी वस्तू म्हणून टाकलेला. गिऱ्हाइकाला निळा दिसला तर त्यातच हिरवाही मिळतो, हे कळायची सोय नव्हती.

मी आमच्या पिपलानीच्या घरी जेवणाच्या टेबलावर कामाला बसले. एक डिझाइन म्हणजे एक वस्तू, आणि तिच्या पोटात रंग आणि माप. प्रत्येक रंग-मापाच्या जोडीला स्वतःचा एकच कोड. आधी डिझाइनचा आकडा, मग रंगाची दोन अक्षरं, मग माप. 114-NI-38 म्हणजे एकशे चौदा नंबरचं डिझाइन, निळा, अडतीस. आकडे मी 001 पासून न धरता 101 पासून धरले, कारण कॉम्प्युटरच्या तक्त्यात आकड्याआधीची शून्यं आपोआप गळून पडतात.

रंगांची अक्षरं मी मराठीवरून घेतली. आत्या हसली. "आई, जन्मभर इंग्लिश शिकवलंस, लायब्ररी चालवलीस, आणि रंग मराठीत?"

"GR म्हणजे ग्रीन की ग्रे, ते सांग," मी म्हटलं.

तिने हात जोडले. मग मी हिरव्याला HI केलं, निळ्याला NI, राखाडीला RA. मला ते अगदी चोख वाटलं.

मापांचा तक्ता हा दुसरा घोळ होता. वेबसाइटवर "छाती ३८" लिहिलेलं, पण ते अंगाचं माप की शिवलेल्या कुर्त्याचं, हे कुठेच नव्हतं. शेडमध्ये कापड बेतणारे मास्टरजी सांगत ते तयार कुर्त्याचं, बायका समजत ते अंगाचं, आणि कुर्ते घट्ट होतात म्हणून परत येत. मी प्रत्येक डिझाइनचा एकेक नग टेबलावर सपाट पसरून बगलेखालून मोजला, आलेला आकडा दुप्पट केला, आणि दोन रकाने केले: अंगाचं माप, तयार कुर्त्याचं माप. दोन्हींत तीन-चार इंचांचा फरक असतो. तो नसेल तर हात वर करता येत नाही. सैल आणि अंगाबरोबरच्या डिझाइन्सना वेगवेगळे तक्ते केले.

टेप हातात होती म्हणून मी आजोबांचा एक कुर्ताही मोजला. तयार बेचाळीस. आकडा कुठेच लिहायचा नव्हता. कुर्ता घडी करून परत कपाटात ठेवला आणि पुढचं डिझाइन घेतलं.

शेडमध्ये पॅकिंग करणारी बाई पहिल्या दिवसापासून आत्याबरोबर आहे. आनंद नगरला राहते, इथल्या बहुतेकांसारखी हिंदी बोलते, मला माताजी म्हणते. शिवून आलेल्या कपड्यांना कोडची लेबलं लावणं हे तिचंच काम. कोड सुरू केले त्या दिवशी तिने मला विचारलं होतं, "माताजी, ये अक्षर का मतलब कहीं लिखा है क्या?"

"सब कंप्यूटर में है," मी म्हटलं. मान वर केली नव्हती.

महिन्याभराने एका आठवड्यात एकशे चौदा नंबरचे पाच कुर्ते परत आले. सगळ्यांनी राखाडी मागवला होता, आणि सगळ्यांना भडक गुलाबी गेला होता. एकीने लिहिलं होतं की तिला तो दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कार्यक्रमाला घालायचा होता. आत्या मला घेऊनच शेडवर गेली. घट्ट कुर्त्यांच्या वेळी आलेल्या तक्रारींनी ती आधीच वैतागलेली होती.

"पाच! पढ़ती भी हो या बस चिपका देती हो?"

"दीदी, RA लिखा था," बाई म्हणाली. "रानी का नया माल आया, तो मैंने RA देखा, लगा दिया। रानी ही तो है।"

"राखाडी है वो!"

"वो क्या होता है?"

मास्टरजी हसले आणि परत कापडावर वाकले. आत्याने कपाळाला हात लावला. "बस. सोमवारपासून मी दुसरी बाई बघते," ती मला मराठीत म्हणाली. एवढी वर्षं ऐकून बाईला तेवढं मराठी कळत होतं. तिने लेबलांचा रोल खाली ठेवला.

मला तेव्हाच सगळं कळलं होतं. राणी रंगाचा माल नवा होता, त्याला मी अजून कोडच दिला नव्हता. इथे ग्रेला कुणी राखाडी म्हणत नाही. RA पाहून इथल्या कुणालाही रानीच आठवेल. मला हे कळलं, आणि मी काही बोलले नाही. गाडीत बसले. घरी येऊन भात लावला. बाईचं काम जाणार होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. काही वाटत नाही, एवढंच लक्षात येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी उघडली. लायब्ररीत विषयांच्या क्रमांकांचा अर्थ सांगणारा तक्ता मी दारातच लावत असे, पहिलीतल्या मुलालाही दिसेल असा. इथे तो माझ्या लॅपटॉपमध्ये होता, मराठीत. मी आत्याला फोन केला.

"चूक माझी आहे. तिने मला अर्थ विचारला होता. मी सांगितला नाही."

"आई, तू कशाला मनाला लावून घेतेस? तुझी अवस्था..."

"माझ्या अवस्थेमुळे तिचं काम घालवू नकोस."

 ती म्हणाली, "ये शेडवर. तूच सांग तिला."

त्या दुपारी मी आणि बाईने RA चं सगळं रॅक खाली काढलं. कॉम्प्युटर अडतीस नग दाखवत होता. हाताने वेगळे केले तर एकोणीस राखाडी निघाले, एकोणीस राणी. अक्षरं मी काढून टाकली. रंगांना अकरापासून आकडे दिले. आकड्यांना भाषा नसते. भिंतीवर तक्ता लावला: आकडा, शेजारी कापडाचा तुकडा, मग हिंदी नाव, मग मराठी. तुकडे बाईने कापले आणि चिकटवले. RA हा कोड आता कशालाही द्यायचा नाही. जुन्या ऑर्डरी त्या नावाने नोंदलेल्या आहेत. हरवलेल्या पुस्तकाचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत, तसंच. मी त्या ओळीपुढे "रद्द" लिहिलं, ओळ खोडली नाही.

एकोणीस या आकड्यापाशी बाई थांबली. हातात तो करडा तुकडा होता. "माताजी, ये नाम बना कैसे? राखाडी?"

"राख से," मी म्हटलं. आजोबांनंतर हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारत होते.

"अच्छा, राख वाला," ती म्हणाली. तुकड्याला गोंद लावून तिने तो अंगठ्याने दाबून धरला. "पहले बोल देतीं ना।"

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला आली.