मटाराच्या परिसंवादात कोणाला काय पटलं

जबलपुरातल्या चेरीतालच्या विनता घाटे यांनी बत्तीस वर्षं एका कचेरीत स्टेनोची नोकरी केली. साहेब जे बोलले ते टाइप केलं, आणि जे बोलायला हवं होतं तेही वेळेवर सुचवलं. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना म्हणून परिसंवादांचे सारांश लिहायला घेतले. आयोजक रेकॉर्डिंग पाठवायचे, विनताताई हेडफोन लावून बसायच्या. वहीत प्रत्येक वक्त्याला वेगळं पान, समासात मिनिट, आणि शेवटी दोन पानं: कुठे पटलं, कुठे फाटलं. पटल्याच्या पानावर नाव चढायचं तर त्या माणसाने ते स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं पाहिजे. नुसत्या ‘हूं हूं’ला त्या किंमत देत नसत. सभेत सगळेच हूं हूं करतात, नाहीतर झोप लागते.

यंदाचा विषय होता जबलपूरचा मटार. सत्तर मिनिटं, वक्ते तीन. बियाण्याचे जाणकार डॉ. भाऊराव ठवरे, प्रक्रिया उद्योगाचे डॉ. शरच्चंद्र गोळवलकर, आणि स्वतः मटार पिकवणाऱ्या अंजनीबाई. दोन्ही डॉक्टर एकाच विभागात वीस वर्षं होते आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. एकाला चहात साखर हवी म्हटली की दुसऱ्याला मधुमेह आठवायचा.

फाटल्याचं पान त्यामुळे भराभर भरलं. भाऊरावांचं म्हणणं, आधी लवकर येणारं, रोगाला न भिणारं वाण हवं. शरच्चंद्रांचं म्हणणं, आधी दाणे गोठवून विकणारा कारखाना हवा. पटल्याच्या पानावर मात्र एकच ओळ निघाली: तोडलेल्या शेंगा लगेच गार करायची खोली मंडीजवळ पाहिजे, बाकी सगळं त्याच्यानंतर. भाऊरावांनी हे एक्केचाळिसाव्या मिनिटाला म्हटलं होतं, शरच्चंद्रांनी सत्तावन्नाव्या. दोघांनी कबूल केली तरच ही ओळ शिफारस म्हणून छापली जाणार होती, नाहीतर गळणार. छापखान्याची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची.

विनताताईंनी मसुदा दोघांना पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही दारात, एक रिक्षातून, दुसरे स्कूटरवरून.

“विनताताई, हे काहून लिहिलं?” भाऊराव उंबऱ्यातूनच गरजले. “मी अन् या माणसाशी सहमत? उद्या लोक हसतील मले!”

“माझंही तेच म्हणणं आहे,” शरच्चंद्र म्हणाले. “ही ओळ काढून टाका जी.”

“चला, आणखी एका मुद्द्यावर पटलं तुमचं,” विनताताई म्हणाल्या. “हाही लिहून घेऊ?”

दोघांचे चेहरे पडले. मग विनताताईंनी दोघांना समोरासमोर बसवलं, हेडफोन काढून ठेवले आणि मोठ्याने रेकॉर्डिंग लावलं. एक्केचाळिसावं मिनिट. सत्तावन्नावं. खोलीत दोघांचे आवाज आले आणि नाकारायला काही उरलं नाही. पण दोघांच्याही वाक्यांची सुरुवात एकच होती. भाऊराव म्हणत होते, “बाई म्हणाल्या तसं...” आणि शरच्चंद्र म्हणत होते, “बाईंनी सांगितलं तेच...”

 विनताताईंनी रेकॉर्डिंग बाराव्या मिनिटावर आणलं. अंजनीबाई सांगत होत्या: पहाटे तोडलेल्या शेंगांचं पोतं दुपारपर्यंत मंडीत पडून राहिलं, आत हात घातला तर चटका बसावा इतकं गरम, आणि दाण्याची गोडी पार गेलेली. “थंड खोली तिथंच पाहिजे, भैया. बीज अन् कारखाना मागून पाहू.”

विनताताईंनी वही उघडली. अंजनीबाईंच्या पानावर त्यांच्याच हाताने एवढंच लिहिलेलं होतं: ‘स्वतःचा अनुभव सांगितला.’ डॉक्टर बोलला की मत, आणि शेतकरीण बोलली की किस्सा! बत्तीस वर्षं साहेबांची डिक्टेशनं घेतल्याचा हा गुण होता, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. मसुदासुद्धा बाईंना पाठवायचं सुचलं नव्हतं.

“मी बाईंशी सहमत आहे,” भाऊराव हळूच म्हणाले. “असं लिहा. याच्याशी नाही.”

“अच्छा, मग मीही बाईंशीच,” शरच्चंद्र म्हणाले.

विनताताईंनी पान नव्याने लिहिलं. मुद्दा अंजनीबाईंचा, मिनिट बारा. त्याला दोघांची संमती, मिनिटं एक्केचाळीस आणि सत्तावन्न. मग मंजुरीसाठी अंजनीबाईंना फोन लावला आणि मजकूर वाचून दाखवला.



“पुन्हा एकदा वाचता, ताई?” अंजनीबाई म्हणाल्या. “मले तर वाटलं होतं, तिथं कोणी ऐकूनच नाही राहिलं.”