शेवटच्या मुद्द्याला तांदूळ

पाळकसाहेबांनी शनिवारी फोन करून सांगितलं, "मावशी, उद्या उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनाचा स्वयंपाक करू नका. उपासनेला नुसत्या बसा." मी फोन ठेवला आणि म्हटलं, झालं! आपला पत्ता कापला.

भिवंडीत आमची ख्रिस्ती मंडळी एका बंद पडलेल्या लूमच्या कारखान्यावरच्या हॉलमध्ये भरते. शेजारचे कारखाने शुक्रवारी बंद असतात, म्हणजे रविवारी आमच्या उपदेशाला त्यांची खडखड फुकटात. मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरातून मी ती खडखड आणि उपदेश दोन्ही ऐकायची, म्हणजे कानावर पडायचे एवढंच. सगळा वेळ माझं लक्ष चुलीवर. पाळकसाहेब "शेवटचा मुद्दा" म्हणाले की मी तांदूळ टाकायचे, कारण त्यानंतर त्यांचे आणखी दोन मुद्दे असतात आणि तेवढ्यात भात होतो. अंदाज कधी चुकला नाही.

नवरा गेल्यापासून आणि मुलगी लग्न होऊन गेल्यापासून मला एवढंच काम उरलं होतं. तेही काढून घेतलं तर मी तिथे कोण?

संशय होता पाळकीणबाईंवर. कायम पहिल्या रांगेत, मांडीवर बायबल, मान हलवत. कधी कांदा चिरायला आल्या नाहीत. त्यांनीच नवऱ्याचे कान भरले असणार, दुसरं कोण?

रविवारी त्यांच्याच शेजारी मला बसवलं. मंडळीत राबणाऱ्या सगळ्यांना पुढे घेतलं होतं: सतरंज्या घालणारे, माइकवाले, संडे स्कूलच्या बाया. उपदेश कुठला, तर बायबलातल्या त्या दोन बहिणींचा. थोरली प्रभूला घरात घेते आणि पाहुणचारात गुरफटते, धाकटी त्याच्या पायाशी बसून ऐकते. वा रे वा, म्हटलं, नाव न घेता मलाच झोडपायचं!

"थोरलीचं चुकलं कुठे?" पाळकसाहेब म्हणाले. "स्वयंपाकात नाही. ती प्रभूलाच म्हणाली, मी एकटी राबते, तुला काहीच वाटत नाही का? हिला सांग मला मदत करायला. काम करता करता तिला वाटायला लागलं की आपली कुणाला पर्वा नाही. प्रभूने तिला भांडी टाकून दे म्हटलं नाही. दोनदा नाव घेऊन हाक मारली. रागावलेला माणूस अशी हाक मारत नाही. म्हणाला, तू कितीतरी गोष्टींची काळजी करतेस, पण गरज एकाच गोष्टीची आहे. धाकटीने चांगला वाटा निवडला, तो तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही."

गोड बोलून गळा कापायची रीत मला ठाऊक आहे.

"आता शेवटचा मुद्दा," ते म्हणाले, आणि मी ताडकन उभी राहिले.

सगळा हॉल बघायला लागला. "मावशी, काय झालं?"

"तांदूळ टाकायचेत," माझ्या तोंडून निघून गेलं.

जो तो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हसता काय? ती थोरली पण बसली असती तर प्रभू जेवला असता का? आज जेवण कोण करणार आहे?"

"खिचडी मी सकाळीच करून ठेवलीय. थोडी लागलीय खाली," पाळकसाहेब म्हणाले. "पुढे पाळ्या लावू. तुमचीही पाळी येईल. बाकीच्या रविवारी तुम्ही बसा."

"बसून काय करू?"

"ऐका."

"आणि ऐकून?"

मग मुद्दा सोडून त्यांनी विचारलं, "मावशी, तुमच्यासाठी काय प्रार्थना करायची?"

हे विचारतात ते शेवटी, भात उतरवायच्या वेळी. तेव्हा मी कधी हॉलमध्ये नसायचेच. कुणाची शुगर, कुणाला तिखट चालत नाही, सगळं मला तोंडपाठ. माझं मात्र कुणाला काही ठाऊक नव्हतं. सांगणार नव्हतेच. पण रडू आलं मेलं.

"घरी एकटीला घास गिळत नाही," मी म्हटलं. "आठवड्यातून एकदा इथेच पोटभर जेवते. ते स्वयंपाकघर काढून घेऊ नका."

कुणी हसलं नाही. पाळकीणबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मी अजून त्यांच्याकडे तिरकंच बघत होते.

"मावशी, मला स्वयंपाकात काही येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "सासूबाई बोलल्या त्यावरून फार, म्हणून मी तुमच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायला घाबरायचे. मंगळवारी तुमच्याकडे जेवायला येऊ? कामाला हात लावणार नाही. तुम्ही बोला, मी ऐकत बसेन."

"ये," मी म्हटलं. "पण सगळं ऐकायचं असेल तर लवकर ये."