हुशंगआगांचा गुडघा

हमादानमध्ये शुक्रवारी सकाळी दोन प्रकारची माणसं दिसतात : झोपलेली आणि अल्वंद डोंगरावर निघालेली. आमच्या डोंगरमंडळात आघाडीला बर्जीन असायचा. पाय हरणाचे, डोकंही हरणाचंच. आणि सगळ्यात मागे हुशंगआगा. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान. माणसाकडे बघायचे ते सुद्धा नंबर काढत असल्यासारखे, मान तिरकी करून.

पिछाडी सांभाळणं म्हणजे मागून चालणं, असं बर्जीनला वाटायचं. हुशंगआगांचं तंत्र वेगळं होतं. सगळ्यात हळू माणूस आघाडीवाल्याच्या पाठीला लावायचा, म्हणजे रांग त्याच्या पावलाने चालते. चढावर पाऊल अर्धंच टाकायचं. दम लागलाय का असं कुणाला विचारायचं नाही, कारण लागला नाही असंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारायचं, "काल रात्री काय जेवलात?" पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर चालू द्यायचं. नुसतं "भात" आलं तर थांबवायचं. तहान लागायच्या आधी चहा आणि डोकं दुखायच्या आधी खजूर द्यायचा. पुढचे लोक बसून वाट बघतात आणि मागचे पोचले की लगेच उठतात, म्हणजे ज्याला विसावा हवा त्यालाच तो मिळत नाही. यावरून त्यांची बर्जीनशी दर शुक्रवारी जुंपायची.

"अरे बाळा, शेवटचा माणूस बसला की मग तुमची विश्रांती सुरू!"

"आगा, तोवर आमचे पाय गार पडतात."

"पडू देत. तुझं डोकं तर कायमच गार असतं."

पण त्यांची खरी करामत गुडघ्याची. आमच्या गटात हळू चालणारे दोघं : माझी आई महलका खानम, आणि जमीन नोंदणी कचेरीतले नोसरतीसाहेब, ज्यांचं पोट त्यांच्या आधी वळणावर पोचायचं. नोसरतीसाहेबांचा श्वास शिट्टी वाजवायला लागला की हुशंगआगा कण्हायचे, "आई गं, माझा गुडघा! जरा टेकतो हं, माफ करा." की लगेच नोसरतीसाहेब राजासारखे दगडावर बसायचे. "बसा, बसा आगा. तुमच्यासाठी थांबू की!"

मी सगळ्यांच्या नकला करते, त्यामुळे लंगडणं नीट बघून ठेवावं लागतं. म्हणून मला कळलं. गुडघा सकाळी डावा दुखायचा आणि दुपारी उजवा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अल्वंदच्या शिखरापर्यंतची चढाई झाली की पायथ्याच्या चहाखान्यात आभाराचा कार्यक्रम होतो. तिथेच हात वर करून देशातल्या सगळ्यात उंच डोंगराच्या, दमाविंदच्या मोहिमेचा प्रमुख ठरतो. हुशंगआगा दमाविंदला पूर्वी गेले होते, पण पिछाडीला. दर वेळी गंधकाच्या वासाच्या त्या शेवटच्या चढावर कुणाचं तरी डोकं दुखायचं, कुणी तरी ओकायचं, आणि त्याला घेऊन हेच खाली उतरायचे. प्रमुख झालं की पिछाडीला दुसरा नेमता येतो. शिखर बघायचं ही त्यांची एकच इच्छा. दुकानात दमाविंदचा फोटो होता, आणि नंबर तपासताना ते गिऱ्हाइकाला विचारायचे, "शिखर स्पष्ट दिसतंय का?" आम्हाला वाटायचं, या वर्षी तेच. बर्जीननेही सांगून टाकलं होतं, "या वेळी आगांची पाळी."

त्या शुक्रवारी वारा बोचरा होता. कुरणाच्या वरच्या चढावर नोसरतीसाहेबांचे ओठ जांभळट झाले. हुशंगआगांनी त्यांची पिशवी काढून घेतली, "माझा तोल जातोय, पाठीवर वजन असलं की बरं पडतं," असं म्हणत. नखं बघायची म्हणून त्यांचा हात हातात घेतला, आणि "मला जरा धरून चला" असं म्हणून तोच हात खांद्यावर टाकून घेतला. आई मागून ढकलत होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, नोसरतीसाहेबच म्हाताऱ्याला वर नेतायत. शिखरावर बर्जीनची मंडळी बसलेली होती, त्यांनी लांबूनच बघितलं.

चहाखान्यात मसुराचं सूप आलं, चहा आला. बर्जीन म्हणाला, "ज्यांनी मागच्यांना सांभाळलं, त्या हुशंगआगांचे आभार आधी. नोसरतीसाहेब, तुम्ही बोला."

नोसरतीसाहेब उठले. कचेरीत शिक्का मारण्याआधी खाकरतात तसे खाकरले. पलीकडे त्यांच्या कचेरीतली दोन माणसं बसली होती, आणि त्यांच्यासमोर "मला कुणी तरी वर ओढत नेलं" असं कोण सांगणार?

"मंडळी, हुशंगआगांचे आभार मानायला शब्द नाहीत. या वयात! त्या गुडघ्यांनी! आज तर पावलापावलाला बसावं लागत होतं बिचाऱ्यांना. मी आपला खांद्याला हात देऊन हळूहळू आणत होतो. पण माघार? नाव नाही! वडीलधाऱ्या माणसाची अशी सेवा करायला मिळाली, हेच माझं भाग्य."

टाळ्या पडल्या. कचेरीतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आपला साहेब मनाने मोठा."

हुशंगआगा हसत होते. तोंड थोडं उघडलं होतं. आता फक्त एवढंच म्हणायचं होतं : गुडघा ठणठणीत आहे, सोंग होतं ते. पण मग लगेच पुढचा प्रश्न येणार, सोंग कुणासाठी?

मी आईच्या कानात म्हटलं, "अगं, गुडघा खोटा आहे! कधी डावा असतो, कधी उजवा."

"गप्प बस. मोठ्यांची टिंगल नको," आई म्हणाली आणि उठली. पिशवीतून तिने लोकरीच्या दोन गुडघापट्ट्या काढल्या. हिवाळाभर विणलेल्या. "आगा, तुम्ही आम्हाला वडिलांसारखे. दोन्ही गुडघे दुखतात ना, म्हणून दोन विणल्या."

चहाखाना हळहळला. बायकांनी डोळे पुसले. त्याहून प्रेमाने कुणाला कुणी संपवलं असेल असं मला वाटत नाही.

आता उत्तर द्यायची पाळी त्यांची. आमच्याकडे आभार मानले की माणसाने स्वतःला कमी लेखायचं असतं, समोरच्याने "छे छे" म्हणायचं असतं, आणि असं दोन-तीनदा झालं की मग खरं काय ते बोलायचं. हुशंगआगांनी छातीवर हात ठेवला. "मी कसला सांभाळतो? मीच ओझं. तुम्ही सगळ्यांनी मला सहन केलंत."

आणि थांबले. "छे छे" ची वाट बघत.

कुणीच म्हणालं नाही. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या.

"आगांनी स्वतःच कबूल केलं, केवढा मोठेपणा," नोसरतीसाहेब म्हणाले. "मग दमाविंदला बर्जीनच बरा. नाही का?"

हात वर झाले. बर्जीन लाजून आगांकडे बघायला लागला. आगांनी स्वतःचाही हात वर केला. रीतच होती ती.

पुढच्या शुक्रवारी बर्जीनने अगदी आदराने त्यांना हाक मारली. "आगा, या. तुम्ही माझ्या पाठीला लागून चाला. तुम्हीच शिकवलंय ना, हळू माणूस तिथे?"

हुशंगआगांनी एकदा मागे पाहिलं. मागे कोण कुणाला खजूर देणार होतं, कुणास ठाऊक. मग ते गेले आणि त्या जागी उभे राहिले, विजारीवर लोकरीच्या पट्ट्या चढवून. रांग निघाली. त्यांचं पाऊल अर्धंच पडत होतं, सवयीने, आणि सगळ्यांना वाटलं, बघा, कसे थकलेत.

पहिल्या चढावरच नोसरतीसाहेबांची शिट्टी सुरू झाली. हुशंगआगांची मान तिरकी झाली. ते थांबले, वाकले, आणि लोकरीवरून गुडघा चोळायला लागले. उजवा.

"बसा, बसा आगा!" नोसरतीसाहेब धपकन दगडावर बसले. हुशंगआगा चोळत राहिले, शिट्टी बंद होऊन पूर्ण वाक्य येईपर्यंत.

ते वाक्य आलं. नोसरतीसाहेब शेजाऱ्याला म्हणाले, "बघितलंत? आणि हे निघाले होते दमाविंदला न्यायला."