सरळ गेलेला चेंडू

धर्माजी गायकवाडला त्रेचाळिसावं वर्ष लागलं, तेव्हा त्याचे गुडघे पन्नाशीचे झाले होते. कर्जतच्या यार्डात घाटात जाणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तपासणारा तो फिटर. त्याला दिवसपाळी मिळत होती ती केवळ क्रिकेटमुळे. यार्डाच्या संघात होता म्हणून सरावासाठी संध्याकाळ मोकळी. संघातून गेला की पुन्हा घाटपाळी, म्हणजे भर पावसात खंडाळ्यापर्यंत गाड्यांबरोबर चढउतार. ती आता जमणार नव्हती, हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं.

कप्तान आणि फोरमन एकच, अमृते साहेब. ते म्हणाले होते, "गायकवाड, खोपोलीच्या गिरणीवाल्यांशी सामना आहे. तो झाला की पुढचा संघ ठरवू." ठरवू म्हणजे काय, ते कळायला पंचांग बघावं लागत नाही.

सामना खालापूरच्या मैदानात, काथ्याची चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर होता. ताकदीच्या बाबतीत धर्माजी कधीच दांडगा नव्हता. त्याची विद्या वेगळी होती, आणि ती त्याने परळच्या रेल्वे कारखान्यातल्या ट्रेनिंगमध्ये एका मास्तरांकडून शिकली होती. मास्तर म्हणायचे, चेंडू उडतो तेव्हा हवेचा पातळ थर त्याच्या अंगाला चिकटून वाहतो. शिवण जरा तिरकी स्लिपकडे धरली की त्या बाजूचा थर शिवणीला अडखळतो, घुसळतो, आणि असा घुसळलेला थर चेंडूला जास्त वेळ धरून राहतो. दुसरी बाजू गुळगुळीत असेल तर तिथला थर शांत वाहतो आणि लवकर सुटतो. मग मागची हवा एका अंगाला ढकलली जाते आणि चेंडू शिवणीच्या बाजूला सरकतो. म्हणून एक बाजू घामाने, पँटवर घासून चकचकीत ठेवायची, दुसरीला हात लावायचा नाही. फार जोरात टाकला तर गुळगुळीत बाजूचा थरही घुसळतो आणि सगळं फिसकटतं. धर्माजीचा वेग वयाने कमी होत गेला, तसा त्याचा चेंडू उलट जास्तच वळू लागला होता. म्हातारपणाने केलेला तेवढा एकच उपकार.

त्या दिवशीही चेंडू सुरेख वळत होता. गिरणीचा मोघे नावाचा फलंदाज मात्र टिकला. चार षटकं बाहेर जाणारा चेंडू बघून तो शहाणा झाला आणि बॅट आधीच ऑफला नेऊ लागला.

गिरणीची शेवटची जोडी, त्यांना पाच धावा हव्या. मोघे समोर. षटक धर्माजीचं. त्याने चेंडू हातात घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला. चकचकीत बाजूवर बारीक ओरखडे उठले होते.

चेंडू आला होता कव्हरला उभ्या असलेल्या पोशाकडून. शेडमधला नवा फिटर, कामाला वाघ. बेअरिंग दिसलं की पुसलंच पाहिजे, ही त्याच्या हाताची सवय.

"पोशा, काय केलंस रं?"

"पुसला दादा. वेस्टानं." त्याने खिशातला कापसाचा बोळा दाखवला. तेलाने काळा आणि ब्रेकच्या लोखंडी चुऱ्याने भरलेला. "तुमी म्हनता ना, एक बाजू गुळगुळीत ठिवा."

धर्माजीने बोळा चिमटीत धरला. रागवायलाही अंगात बळ नव्हतं. "आरं, ही तर कानसच हाय. आता दोनी बाजू खरखरीत झाल्या. ह्यो चेंडू वळनार नाय."

पोशाचं तोंड पडलं. अमृते साहेब मिड-ऑफवरून बघत होते. नवा चेंडू मागायची सोय नव्हती. धर्माजीला खूप थकल्यासारखं वाटलं. वाटलं, तिथेच चटईच्या कडेला बसावं आणि म्हणावं, लावा घाटपाळी.

पण पाय उचलले. सवय म्हणून शिवण स्लिपकडे धरली, रोजचीच चार पावलं मोजली आणि टाकला. मोघेने हात पाहिला, शिवण पाहिली, आणि नेहमीसारखी बॅट बाहेर नेली. चेंडू नाकासमोर सरळ गेला, बॅटच्या आतून, आणि मधली यष्टी आडवी झाली.

पोरांनी त्याला उचललं. साहेबांनी पाठ थोपटली. "काय वळवलास गायकवाड! या वयात! पुढच्या हंगामातही तूच."

"साहेब, वळला नव्हता. सरळच गेला," धर्माजी म्हणाला.

साहेब हसले. "एवढी नम्रता बरी नव्हे."

पोशा मागे येऊन उभा होता, मान खाली घालून. धर्माजीने तो काळा बोळा त्याच्या खिशात परत कोंबला. वर्षभराची दिवसपाळी मिळाली होती, तरी आनंद होत नव्हता. एवढ्या वर्षांची विद्या, आणि आज वाचवलं ते ती न चालल्याने.

"पोशा, खांदा दे रं," तो म्हणाला. "गुडघा वळंना झालाय."